नाक उघडे, जीभ मोकळी

फ्रेंचच्या पहिल्या काही धड्यांत ‘चांगला’ या अर्थाचा ‘बोँ’ हा शब्द भेटतो. लिहिताना त्याच्या शेवटी ‘एन’ असतो, त्यामुळे मराठी विद्यार्थी हमखास ‘बॉन’ म्हणतो. ‘न’ म्हणायचा नाही असे सांगितले, तर ‘बाँग’ म्हणतो. ‘बॉन’ हे ‘चांगली’ असे स्त्रीलिंगी रूप आहे. शिवाय नाक पूर्ण बंद ठेवून ‘बो’ म्हटले, तर अर्थ होतो ‘देखणा’. एका स्वराच्या शेपटावर तीन शब्द उभे आहेत.

‘म’, ‘न’, ‘ङ’ म्हणताना हवा नाकातून जाते, कारण तोंडाची वाट ओठांनी किंवा जिभेने बंद केलेली असते. साध्या ‘आ’, ‘ओ’ला उलट होते. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. अनुनासिक स्वरात दोन्ही वाटा एकदम उघड्या असतात. मऊ टाळू खाली आलेली, आणि जीभ कुठेही न टेकलेली.

मराठी माणसाची अडचण नाकात नसून या टेकण्यात आहे. ‘आंबा’ म्हणताना आपण अनुस्वाराचा ‘म्’ करतो, ‘दंत’मध्ये ‘न्’, ‘रंग’मध्ये ‘ङ्’. पुढच्या व्यंजनाची जागा गाठायची ही सवय इतकी मुरलेली असते, की फ्रेंच बोलतानाही जीभ आपोआप टाळूला लागते. अगदीच अनोळखी मात्र हा आवाज नाही. हिंदीतला ‘हाँ’ आपण बरोबर म्हणतो. गोव्याच्या कोंकणीत अनुनासिक स्वर नेहमीचेच आहेत.

सुरुवात कानापासून करावी. ‘बो’, ‘बोँ’ आणि ‘बॉन’ हे तीन शब्द जाणकाराकडून उलटसुलट क्रमाने ध्वनिमुद्रित करून घ्या. ऐकताना प्रत्येक वेळी आधी एकच प्रश्न विचारा: शेवटी जीभ टेकली का? टेकली असेल तर ‘बॉन’. नसेल तरच पुढे ठरवा, आवाज नाकात घुमतोय की नाही. दोन्ही प्रश्न एकदम सोडवायला गेलात तर ‘बोँ’ आणि ‘बॉन’ सारखेच वाटत राहतात.

आता तोंडाकडे वळू. ‘रंग’मधला ‘ङ्’ लांबवून धरा. या वेळी मऊ टाळू खाली असते आणि जिभेचा मागचा भाग तिला चिकटलेला असतो. नाकातला घुमारा तसाच ठेवून फक्त जीभ हळूहळू खाली सोडा. तोंड उघडताच जो स्वर निघेल तो अनुनासिक. त्यावर ओठांचा ‘ओ’सारखा गोल केला की ‘बोँ’चा स्वर मिळतो.

तो बरोबर आहे का, हे नाकच सांगते. स्वर लांबवा आणि मध्येच नाकपुड्या चिमटीत धरा. आवाज कोंदट झाला पण चालू राहिला, तर उच्चार बरोबर. आवाज अडला, तर जीभ टेकली आहे, म्हणजे तुम्ही ‘न्’ किंवा ‘ङ्’ धरून बसला आहात. काहीच फरक पडला नाही, तर नाकाची वाट उघडलेलीच नाही, तो साधा ‘ओ’ आहे.

ही चिमटीची परीक्षा जमली की ‘अँ बोँ व्हॅँ ब्लाँ’ हा सराव घ्या. अर्थ, एक चांगली पांढरी वाइन. ‘व्हॅँ’ला ओठ ‘बॅट’मधल्या ‘अ‍ॅ’सारखे फाकतात, ‘ब्लाँ’ला जबडा खाली येऊन जीभ मागे जाते, ‘बोँ’ला ओठ घट्ट गोल. पहिल्या ‘अँ’साठी वेगळा स्वर शिकवतात, पण पॅरिसमधले बरेच लोक तो ‘व्हॅँ’च्या स्वरासारखाच म्हणतात. त्यामुळे तीनच स्वर पक्के केले तरी चालते.

खरी घसरण वेगात होते. ‘बोँबोँ’ म्हणजे गोळी-चॉकलेट. घाईत त्याचे ‘बोम्बोँ’ होते, कारण ‘ब’साठी ओठ मिटेपर्यंत स्वर संपलेला नसतो आणि मध्ये ‘म्’ शिरतो. इथे चिमटी उपयोगाची नाही. ‘बोँ’ म्हणा, क्षणभर थांबा, मग पुन्हा ‘बोँ’. थांबा कमी करत जा. ‘म्’ दिसला की पुन्हा वाढवा.

आणि नमुना निवडताना वक्ता कुठला आहे ते बघा. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेयच्या बाजूला, अशा स्वरामागे हलका ‘ङ्’ सर्रास ऐकू येतो. तिथे ती चूक नव्हे, पण पॅरिसचा उच्चार शिकणाऱ्या मराठी जिभेला तो ‘बाँग’चा परवानाच वाटेल.