रंग किती वर चढला?

तीन वर्षांची मुलगी. वर्षभरात दोनदा थंडी वाजून १०३ पर्यंत ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. दोन्ही वेळा लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय जिवाणू सापडले. सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड किंचित फुगलेले दिसले आणि डॉक्टरांनी ‘एमसीयू’ करून घ्यायला सांगितले. रिपोर्ट आला: ‘उजवीकडे ग्रेड ३, डावीकडे ग्रेड १ रिफ्लक्स’. आईवडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “पाचपैकी तीन, म्हणजे किडनी साठ टक्के गेली का?”

हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. ग्रेडचा आकडा लघवी किती उंच उलटी चढते आणि चढताना वाटेतल्या नळ्या किती फुगवते एवढेच सांगतो. मूत्रपिंडाचे काम किती शिल्लक आहे, हे त्यात कुठेच मोजलेले नसते.

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात येते. ही वाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही, तिरकी जाते. मूत्राशय भरला की भिंतीतला तो तिरका भाग दाबला जाऊन बंद होतो आणि लघवी परत वर जाऊ शकत नाही. काही मुलांत हा तिरका बोगदा जन्मतःच आखूड असतो. मग मूत्राशयाचा दाब वाढला की लघवी उलटी वर चढते आणि तिच्यात जंतू असतील तर तेही मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. वयाबरोबर बोगदा लांबतो, म्हणून खालच्या ग्रेडचा रिफ्लक्स बऱ्याच मुलांत आपोआप थांबतो.

एमसीयू तपासणीत बारीक कॅथेटर लघवीच्या वाटेने मूत्राशयात घालतात. एक्स-रेवर पांढरे दिसणारे औषध सलाइनमध्ये मिसळून बाटली वर टांगतात आणि ते स्वतःच्या वजनाने हळूहळू आत उतरू देतात. सिरिंजने जोरात ढकलायचे नाही, कारण खोट्या दाबामुळे खोटे चित्र मिळू शकते. किती औषध घालायचे याचा अंदाज साधा आहे. दोन वर्षांवरच्या मुलांत वयात २ मिळवून ३० ने गुणायचे. या मुलीसाठी ५ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर. लघवीचा संसर्ग चालू असताना ही तपासणी करत नाहीत. तो आधी बरा करून, लघवी स्वच्छ असल्याची खात्री करून आणि अँटिबायोटिकच्या आधारानेच करतात.

मुलीचा मूत्राशय भरत असताना घेतलेल्या फिल्मवर दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. तपासणी तिथेच थांबवली असती, तर ‘रिफ्लक्स नाही’ असा रिपोर्ट हाती पडला असता. पण मूत्राशयात सर्वात जास्त दाब निर्माण होतो तो लघवी करताना, आणि काही मुलांत औषध त्याच क्षणी वर चढते. म्हणून टेबलावर लघवी होईपर्यंत थांबावे लागते. लाजणारे, रडणारे मूल अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांसमोर लघवी करायला वेळ लावते. कोमट पाण्याची धार सोडणे, आईला जवळ उभे करणे, हे तेव्हा यंत्राइतकेच उपयोगी पडते. रिपोर्ट हाती आल्यावर ‘लघवी करतानाची फिल्म घेतली का?’ हे पालकांनी जरूर पाहावे. ती नसेल तर ‘नॉर्मल’ या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही.

त्या फिल्मवर डावीकडे औषध मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात चढून थांबले होते. ते मूत्रपिंडात पोहोचले नाही, म्हणून ग्रेड १. उजवीकडे ते थेट मूत्रपिंडात गेले होते. वर जाऊन काहीही फुगलेले नसते तर ती ग्रेड २ झाली असती. इथे मात्र वाहिनी थोडी रुंद आणि किंचित वळणाची दिसत होती, आणि मूत्रपिंडातली लघवी गोळा होण्याची पिशवीही जरा फुगली होती. म्हणजे ग्रेड २ मागे पडली. आता प्रश्न उरला तो ३ की ४ एवढाच.

याचे उत्तर मूत्रपिंडातल्या छोट्या पेल्यांत असते. डॉक्टर त्यांना कॅलिक्स म्हणतात. कणकेच्या गोळीत अंगठा दाबून दिवा करतात, तो आठवावा. पेल्यात भरलेले पांढरे औषध म्हणजे कणीक, आणि मूत्रपिंडाचे टोक म्हणजे त्यात रुतलेला अंगठा. निरोगी पेल्याची कड दिव्यासारखीच टोकदार दिसते. आतून दाब वाढला की आधी ही कड बोथट होते. ग्रेड ३ मध्ये ती टोकदारच राहते किंवा थोडीशी बोथटते. ग्रेड ४ मध्ये कड पूर्ण गोल होते, पण बहुतेक पेल्यांत अंगठ्याचा खळगा अजून दिसतो. ग्रेड ५ मध्ये बहुतेक पेल्यांतला खळगाही पुसला जातो, पेल्यांचे गोळे होतात आणि वाहिनी नागमोडी, जाडजूड दिसते. १९८५ साली प्रसिद्ध झालेली ही आंतरराष्ट्रीय पद्धत आजही जगभर वापरली जाते. या मुलीच्या पेल्यांच्या कडा थोड्या बोथट होत्या, पण कोपरे शाबूत होते. म्हणून ग्रेड ३.

आता ‘थोडी बोथट’ आणि ‘पूर्ण गोल’ यांतली रेघ कोणी आखायची? एकाच फिल्मला दोन अनुभवी रेडिओलॉजिस्ट वेगळी ग्रेड देऊ शकतात, आणि मधल्या ग्रेडमध्ये हे जास्त घडते. कधी वाहिनी एका ग्रेडची दिसते आणि पेले दुसऱ्या. त्यामुळे मागच्या वर्षी ३ आणि यंदा ४ असा रिपोर्ट आला, तर आजार वाढला असे ठरवण्याआधी दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहाव्यात. मूत्राशय किती भरला होता आणि औषध कोणत्या क्षणी चढले, हेही त्यासोबत नोंदलेले हवे. आणखी एक फसवी जागा आहे. वर पोहोचलेले औषध पिशवीत फिकट दिसले आणि लघवी झाल्यावरही तिथेच रेंगाळले, तर फुगवटा निव्वळ रिफ्लक्सचा नसून मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडथळाही असू शकतो. त्यासाठी थोड्या वेळाने घेतलेली उशिराची फिल्म लागते.

मूत्रपिंडावर व्रण पडले आहेत का, हे पाहायला डीएमएसए स्कॅन करतात. संसर्गानंतर लगेच केला तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यांतला फरक कळत नाही. म्हणून चार ते सहा महिने थांबतात. या मुलीच्या स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला एक छोटा व्रण दिसला. बाकी भाग चांगला काम करत होता. अशाच ग्रेड ३ च्या दुसऱ्या मुलाला एकही व्रण नसतो.

तिला रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस सुरू झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा डोसाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्याने घटले, पण नव्या व्रणांच्या संख्येत फरक दिसला नाही. त्यामुळे हा डोस कोणाला आणि किती दिवस द्यायचा, यावर डॉक्टरांत एकमत नाही. मुलीला बद्धकोष्ठ होता, खेळाच्या नादात ती लघवीही दाबून ठेवत असे. दोन्हींवर उपाय सुरू झाले, कारण भरलेले आतडे आणि तुंबलेला मूत्राशय संसर्गाला वाट करून देतात. घरच्यांना एक सूचना कागदावर लिहून दिली आहे: कारण न कळणारा ताप आला तर अँटिबायोटिक बदलण्याआधी, त्याच दिवशी लघवीचा नमुना कल्चरला द्यायचा.