पहिला नंबर कोणाचा?

केंद्र सरकारच्या नोकरीत दरवर्षी प्रत्येक अधिकाऱ्याचा कामगिरी अहवाल लिहिला जातो. जुनी माणसं त्याला अजून ‘सीआर’च म्हणतात. त्याच्या नेहमीच्या नमुन्यात प्रत्यक्ष कामाला 40 टक्के वजन असतं, व्यक्तिगत गुणांना 30 आणि कामाच्या क्षमतेला 30. प्रत्येक बाबीला 1 ते 10 गुण द्यायचे. कुणाला 9 किंवा 10 दिले तर कारण लिहावं लागतं, 1 किंवा 2 दिले तरीही लिहावं लागतं. गुण देणाऱ्याला असा जाब आहे. पण 40-30-30 च का, हा प्रश्न फॉर्म भरताना कुणी विचारत नाही, कारण ते आकडे आधीच छापून आलेले असतात.

खासगी दुकान, शाळा, पतसंस्था इथे मात्र हे आकडे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं, आणि खरा खेळ तिथेच होतो.

एका काल्पनिक पतसंस्थेची शाखा घेऊ. तिघं कारकून आहेत आणि पगारवाढीसाठी त्यांतला एक निवडायचा आहे. निकष तीन: थकबाकीची वसुली, दप्तराचा अचूकपणा आणि सभासदांशी वागणूक. पहिले वसुलीवाले. ते दारात उभे राहिले की कर्जदार हप्ता काढतो, पण त्यांच्या पावत्या मात्र महिनाअखेरीला शोधाव्या लागतात. त्यांचे गुण 9, 5, 6. दुसऱ्या खतावणीवाल्या बाई. ऑडिटर त्यांच्या वह्यांत चूक काढू शकत नाही, पण वसुलीला जायचं म्हटलं की त्या नाखूष असतात. त्यांचे गुण 5, 9, 7. तिसरा काउंटरवाला तरुण, ज्याच्या खिडकीसमोरच म्हातारी माणसं रांग लावतात. त्याचे गुण 6, 7, 9.

संचालक मंडळाने वसुलीला 50, दप्तराला 30 आणि वागणुकीला 20 टक्के दिले असं समजू. प्रत्येक गुण त्याच्या टक्क्यांनी गुणायचा आणि बेरीज करायची. वसुलीवाल्यांचे 4.5, 1.5 आणि 1.2 मिळून 7.2 होतात. तरुणाचे 6.9, बाईंचे 6.6. वसुलीवाले पहिले. आता वसुली आणि दप्तर यांच्या वजनांची अदलाबदल करा, 30-50-20. बाई 7.4 वर जातात आणि वसुलीवाले 6.4 वर तळाला. दोन्हींना तीस-तीस देऊन वागणुकीला 40 दिले तर तरुण 7.5 घेऊन पहिला. या सगळ्यात गुणपत्रकातला एकही गुण बदललेला नाही. तिघांनाही ‘मीच पहिला’ म्हणता येतं आणि तिघांचंही गणित बरोबर आहे.

इथे कुणी म्हणेल, वजनं एवढी ओढाताण करून बदलली तर निकाल बदलणारच. म्हणून वागणुकीचे 20 टक्के तसेच ठेवू आणि उरलेले 80 वसुली आणि दप्तर यांच्यात थोडे थोडे हलवू. वसुलीला 38 दिले तर बाई पहिल्या. 42 दिले तर तरुण. 46 दिले तर वसुलीवाले. नेमकी सीमा मांडायची तर 40 च्या खाली बाई, 40 ते 44 मध्ये तरुण, 44 च्या वर वसुलीवाले. बैठकीत ‘वसुलीला चाळीसेक टक्के द्या’ असं सहज म्हटलं जातं, त्या ‘-एक’मध्ये तीन माणसांची पगारवाढ लपलेली असते.

मग वजन ठरवायचं कसं? नुसतं ‘काय महत्त्वाचं?’ विचारलं तर सगळंच महत्त्वाचं असतं, आणि मंडळी गोल आकडे सांगून मोकळी होतात. माझ्या मते या आकड्यांकडे विनिमयाचा दर म्हणून पाहावं. 50-30-20 चा अर्थ असा की वसुलीतला एक गुण वागणुकीतल्या अडीच गुणांच्या बरोबरीचा. तेव्हा संचालकांना विचारायचं: एखाद्याची वसुली 6 वरून 7 वर गेली आणि त्याच वेळी सभासदांशी वागणूक 9 वरून साडेसहावर आली, तर तुम्हाला फरक पडणार नाही ना? बहुतेकांना पडतो. मग ते स्वतःच दर बदलतात, आणि या वेळी कशासाठी बदलतोय हे त्यांना माहीत असतं. उत्तर संस्थेच्या अवस्थेवरही अवलंबून आहे. थकबाकी वाढत असेल तर वसुलीचा भाव चढणार. वर्षभरात दोनदा दप्तरात घोळ सापडला असेल तर अचूकपणाचा.

कागदावरचं वजन आणि खरं वजन यांतही पासंग असतो. समजा हजेरी हा चौथा निकष घातला आणि त्याला 20 टक्के दिले. तिघंही वेळेवर येतात, तिघांना 9. प्रत्येकाच्या बेरजेत सारखेच 1.8 पडले. क्रमवारीत हजेरीचा वाटा शून्य. तिचे 20 टक्के नुसते फॉर्मवर शोभेला आहेत, निर्णय उरलेल्या 80 मध्येच होतो. याच्या उलटही घडतं. शाखाधिकारी वागणुकीला सगळ्यांनाच 7 किंवा 8 देतो, उगाच कुणाचं मन कशाला दुखवा म्हणून, आणि वसुलीला मात्र आकडे समोर असल्यामुळे 3 पासून 10 पर्यंत मोकळ्या हाताने देतो. दोघांना सारखं वजन दिलं असलं तरी क्रम वसुलीच लावणार. ज्या रकान्यात गुण जास्त पसरलेले, त्या रकान्याचा आवाज मोठा. हे ओळखणं अवघड नाही: प्रत्येक रकान्यातला सर्वांत मोठा गुण उणे सर्वांत लहान गुण काढावा आणि त्याला वजनाने गुणावं. आपल्या तिघांत 50-30-20 धरलं तर वसुलीचा फरक 4, म्हणजे 2.0. दप्तराचाही फरक 4, म्हणजे 1.2. वागणुकीचा फरक 3, म्हणजे फक्त 0.6. वागणुकीला पाचवा हिस्सा दिलाय असं मंडळाला वाटतं, प्रत्यक्षात तिच्या हाती त्याहूनही कमी आहे.

एक दोष मात्र कुठल्याच वजनाने जात नाही. बेरजेत एका बाजूचं खोटं दुसऱ्या बाजूच्या खऱ्याने भरून निघतं. वसुलीला 10 असलेला माणूस दप्तराला 2 घेऊनही वर येऊ शकतो, आणि पतसंस्थेत तो 2 म्हणजे पैशांचा हिशेब लागत नाही असा अर्थ होतो. अशा निकषाला वजनाऐवजी उंबरठा लावावा: दप्तराला 5 च्या खाली असेल तर बेरीज करायचीच नाही.

वजनं गुण भरण्याच्या आधी ठरवून, सह्या करून ठेवावीत हे तर झालंच. गुण समोर आल्यावर ठरवलेली वजनं बहुधा आधीच मनात असलेल्या नावासाठी बेतलेली असतात, आणि बेतणाऱ्याला ते जाणवतही नाही. त्यानंतर प्रत्येक वजन पाच टक्क्यांनी वरखाली करून पाहावं. पहिलं नाव टिकलं तर ठीक. आमच्या शाखेत ते टिकत नाही. वसुलीला 42 टक्के धरले तर तरुण 6.98, बाई 6.92 आणि वसुलीवाले 6.88. या अंतराला क्रम म्हणावं असं मला वाटत नाही. पगारवाढ तिघांत वाटून द्यावी, कारण शाखाधिकाऱ्याने त्या तरुणाला वागणुकीत 9 ऐवजी 8 दिले असते, तर त्याची बेरीज 6.78 झाली असती आणि तो पहिल्यावरून थेट तिसरा आला असता.