मख्ख चेहऱ्यांपुढची तालीम
लेखमाला : पहिल्या नोकरीच्या वाटेवर – लेखांक ५

माणसाला हमखास ताण येईल असे काहीतरी प्रयोगशाळेत घडवून आणायचे होते. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी काय निवडले? नोकरीची मुलाखत.

प्रयोगासाठी आलेल्या माणसाला तयारीला थोडा वेळ मिळे. मग परीक्षकांसमोर उभे राहून, ‘या नोकरीसाठी मीच योग्य कसा’ हे त्याने पाच मिनिटे सांगायचे. समोर मायक्रोफोन आणि कॅमेरा. परीक्षक मान डोलावत नसत, हसत नसत. माणूस मध्येच गप्प झाला, तर ‘अजून वेळ आहे, बोला’ एवढेच सांगितले जाई. त्यानंतर पाच मिनिटे तोंडी हिशेब : १०२२ मधून १३ वजा करत जायचे आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून. लाळेचे नमुने तपासले, तेव्हा कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक दोन ते चार पटींनी वाढलेले दिसले. ही चाचणी आज जगभर वापरली जाते.

करकंबच्या एसटी थांब्यावर हातात फाइल धरून उभ्या असलेल्या मुलीला ही गोष्ट माहीत असायला हवी. तिच्या घशाला पडलेली कोरड म्हणजे तिचा कमकुवतपणा नव्हे. अनोळखी माणसे आपली पारख करणार आहेत, हे कळल्यावर धडधाकट शरीर असेच वागते.

आता हे घडते कसे, ते पाहू. संकटाची चाहूल लागली की अॅड्रेनॅलिन सुटते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. पचनाचे काम शरीर तेवढ्यापुरते बाजूला ठेवते आणि लाळ हा पचनाचाच भाग आहे. पातळ लाळ आटते, उरते ती चिकट. जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाटते. त्यात माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला की कोरड आणखी वाढते.

आवाजाचे गणित श्वासाशी बांधलेले आहे. बाहेर जाणाऱ्या हवेवर स्वरतंतू कंप पावतात, म्हणून आवाज निघतो. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागातून उथळ श्वास घेतो आणि घशाचे स्नायूही आवळलेले असतात. त्यामुळे आवाज नेहमीपेक्षा चढा लागतो आणि वाक्य संपण्याआधी हवा संपते. थरथर बहुधा तिथेच, वाक्याच्या शेवटी, ऐकू येते.

किर्शबाउम यांच्या गटाने १९९५ साली पुढचा प्रयोग मांडला. २० निरोगी पुरुषांना तीच परीक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी द्यायला लावली. पहिल्या दिवशी कॉर्टिसोल उसळले. पण बहुतेकांचे दुसऱ्या दिवसापासूनच बरेच खाली आले. काहींचे मात्र पाचही दिवस वाढतच राहिले. यातून तयारीची दिशा मिळते. उत्तरे नुसती वाचून भागत नाही, माणसांसमोर ती बोलावी लागतात. आणि ते एकदा करून पुरत नाही.

समजा, करकंबच्या एका पदवीधर मुलीची पुण्यातल्या एका बँकेत दोन आठवड्यांनी मुलाखत आहे. पहिला प्रश्न बहुधा ‘स्वतःबद्दल सांगा’ हाच असेल. तिने दीड मिनिटाचे उत्तर तयार करावे. पण त्यातली पहिली दोन वाक्येच शब्दशः पाठ करावीत. बाकीचे चार मुद्द्यांत ठेवावे : शिक्षण, केलेले काम, त्या कामातला एक प्रसंग आणि ही नोकरी कशासाठी हवी. अख्खे उत्तर पाठ असले आणि परीक्षकाने मध्येच टोकले, तर दोराच तुटतो. मुद्दे लक्षात असले, तर पुढचा मुद्दा हाताशी असतो. सुरुवातीची दोन वाक्ये पाठ असण्याचे कारणही साधे आहे : धडधड सर्वांत जास्त असते ती सुरुवातीलाच. ती वाक्ये तोंडून निघेपर्यंत शरीर जरा सावरते.

दुसरा प्रश्न गावाचा. ‘करकंब कुठे आले?’ असे विचारल्यावर ‘पंढरपूरजवळ’ एवढ्यावर थांबू नये. पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरचे गाव, भोवतालची उसाची शेती, जिल्ह्याला पाणी देणारे भीमेवरचे उजनी धरण अशी तीन वाक्ये जोडता आली, की ती ओळखीच्या जमिनीवर उभी राहते. बँकेचा परीक्षक तिथूनच पीककर्जाकडे वळू शकतो. म्हणून आपल्या शिवारातल्या शेतकऱ्याला कर्ज कधी लागते आणि त्याची परतफेड कशातून होते, हे तिने घरी विचारून ठेवावे.

मग तालीम. एखादे निवृत्त शिक्षक, सोसायटीचे सचिव आणि एखादी मोठी ताई असे तिघे टेबलामागे बसवावेत. त्यांना आधीच सांगावे : मान हलवायची नाही, हसायचे नाही, एकदा तरी मध्येच तोडायचे. दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी अशा चार-पाच बैठका व्हाव्यात. दर वेळी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. ऐकताना दोन गोष्टी कळतील. आवाज जिथे कापतो, ती वाक्ये बहुधा लांबलचक असतात. त्यांचे दोन तुकडे केले की श्वास पुरतो. शिवाय आपल्याला जाणवलेली थरथर मुद्रणात त्यामानाने कमीच ऐकू येते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३च्या अभ्यासात हेच दिसले होते : बोलणाऱ्याला आपण जेवढे घाबरलेले दिसतो असे वाटते, तेवढे ते श्रोत्यांना दिसत नाही.

मुलाखत सकाळची असेल, तर आदल्या संध्याकाळीच पुण्यात पोहोचावे. टेंभुर्णीला गाडी चुकल्याची धास्ती उगाच भरीला नको. त्या सकाळी नेहमीच्या एका कपावर दुसरा कडक चहा नको, कारण कॅफीनने हातांची थरथर वाढते. पाणी घोटाघोटाने प्यावे. आवळ्याच्या सुपारीचा तुकडा चघळला की आंबट चवीने लाळ सुटते. आत जाण्यापूर्वी मात्र तोंड रिकामे करावे.

बाहेर बाकावर बसल्यावर चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. एका श्वासाला साधारण दहा सेकंद. म्हणजे पाच मिनिटांत ३० श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे. मोठमोठे श्वास भराभर ओढू नयेत. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले, तर मोजणे थांबवून साधा श्वास घ्यावा.

आत आवाज कापलाच, तर रेटून बोलू नये. वाक्य संपवावे, तोंड मिटून नाकाने एक श्वास घ्यावा, मग पुढचे बोलावे. प्रश्न निसटला असेल, तर ‘सर, प्रश्न पुन्हा सांगाल का?’ असे सरळ विचारावे. तेवढ्यात श्वासही मिळतो.

धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊन जाणारेही असतात. अशा कामासाठी वापरले जाणारे प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. आणि १९९५च्या प्रयोगात ज्यांचे शरीर पाचव्या दिवशीही निवले नाही, तशी माणसे आपल्यातही आहेत. तालमी करूनही भीती हटत नसेल, मुलाखतीचे पत्र आले तरी जाणेच टळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्याही बोलता येते आणि ते मराठीतून.

पुढील आठवड्यात : पगाराचा प्रश्न निघाल्यावर आकडा कसा सांगावा?