कल्ले कोठवर ठेवावेत?

केस कापून झाले की न्हावी विचारतो, “कल्ले कुठवर ठेवू?” आपण म्हणतो, “ठेवा नेहमीसारखे.” पण कानासमोरचा हा केसांचा पट्टा चेहऱ्याची ठेवण बदलून दाखवतो. तेव्हा उत्तर जरा विचारपूर्वक द्यावे.

असे पाहा, कल्ला ही एक उभी रेघ आहे. ती जितकी खाली येईल तितका चेहरा लांब भासतो. जिथे ती संपते तिथे नजर थांबते. म्हणून गोल चेहऱ्याला थोडे लांब व अरुंद कल्ले शोभतात, तर लांबट चेहऱ्याला आखूड. जबडा रुंद असेल तर कल्ला खाली पसरट करू नये. रुंदी अधिकच डोळ्यांत भरते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गुरुजींचा चेहरा लांबट आहे आणि कान बाहेर आलेले आहेत. न्हाव्याने बाजूचे केस अगदी बारीक कापले आणि दाट कल्ले कानाच्या पाळीपर्यंत सोडले. झाले काय, तर चेहरा आणखी लांबला, कान उघडे पडले आणि कल्ले वरून चिकटवल्यासारखे दिसू लागले. यावर उपाय असा: कानांवर दोनेक सेंटिमीटर लांबीचे केस राखावेत, म्हणजे कान त्यांत थोडे सामावतात. कल्ले कानाच्या मध्यावर, छिद्रासमोर, सरळ कापावेत. वरच्या केसांकडून खाली येताना ते हळूहळू बारीक करावेत, म्हणजे मध्ये पायरी दिसत नाही. कानासमोरची दाढी विरळ असेल, तर ती विरळ होते त्याच्या वरच थांबावे.

दोन्ही बाजू सारख्या कशा करायच्या? येथेच बहुतेक चूक होते. कानांवरून माप घेतले जाते. पण बऱ्याच जणांचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो. कानांना धरून कापले तर कल्ले वरखाली होतात. म्हणून मान सरळ ठेवून आरशात समोर पाहावे आणि दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना एकेक तर्जनी आडवी लावावी. बोटे एका पातळीत आली म्हणजे काम बरोबर. शिवाय वस्तरा चालवताना कातडी वर ताणलेली असते. ती सोडली की रेघ खाली उतरते. तेव्हा खूण कातडी सैल असतानाच करून घ्यावी.

आणि पहिल्या खेपेला कल्ले थोडे लांबच ठेवावेत. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. अर्धा सेंटिमीटर जास्त कापला गेला, तर तो भरून यायला पंधरा दिवस लागतात. जास्त राहिलेला मात्र तिथल्या तिथे काढता येतो.