ग्राहक आयोगाची आर्थिक अधिकारिता : मोजमाप मोबदल्याचे, मागणीचे नव्हे

जव्हार-मोखाडा परिसरातील पोशेरा गावातील एका शेतकऱ्याचे उदाहरण कल्पनेने घेऊ. त्याने ३० लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला होता. दरवर्षी ४,००० रुपये याप्रमाणे तीन वर्षांत त्याने १२,००० रुपये हप्ता भरला. पावसाळ्यात भात लावणीच्या वेळी त्याला सर्पदंश झाला आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पत्नीने शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा आणि उपचारांची कागदपत्रे जोडून दावा केला. कंपनीने आठ महिन्यांनी, ‘मृत्यूची सूचना उशिरा मिळाली’ एवढ्याच कारणावरून तो नामंजूर केला. आता तिने दाद कोठे मागावी?

पहिला प्रश्न सेवेतील त्रुटीचा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेली सेवेची गुणवत्ता, स्वरूप वा पद्धत यांतील दोष, उणीव किंवा अपुरेपणा म्हणजे त्रुटी होय. ग्राहकाची हानी करणारा निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे यांचाही तीत समावेश होतो. दरवर्षी हप्ता घेऊन, मृत्यू खरा असल्याबद्दल शंका नसताना, केवळ विलंबाच्या तांत्रिक कारणावरून दावा फेटाळणे हे या व्याख्येत बसू शकते. मात्र दावा नाकारला गेला म्हणजे त्रुटी सिद्ध झाली असे नाही. विमापत्रातील अटी आणि नामंजुरीच्या पत्रातील कारण एकमेकांशी ताडून पाहावे लागते.

दुसरा प्रश्न आयोग निवडण्याचा, म्हणजे आर्थिक अधिकारितेचा. १९८६च्या कायद्यात सेवेचे मूल्य आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज केली जात असे. २००३पासून जिल्हा मंचाची मर्यादा २० लाख रुपये होती. त्या हिशेबाने या विधवेची ३० लाखांची विमा रक्कम, मानसिक त्रासाचे एक लाख आणि खर्चाचे २५ हजार अशी ३१ लाख २५ हजारांची तक्रार मुंबईला राज्य आयोगाकडे गेली असती. २०१९च्या कायद्याने ही कसोटीच बदलली. आता केवळ ‘मोबदला म्हणून दिलेली रक्कम’ पाहिली जाते. ३० डिसेंबर २०२१च्या नियमांनुसार ही रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, ५० लाखांहून अधिक ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी वाटणी आहे.

विम्यात मोबदला म्हणजे हप्ता, विमा रक्कम नव्हे, असे राष्ट्रीय आयोगाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणून या प्रकरणात १२,००० रुपये हाच आकडा विचारात येतो आणि तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी वैध ठरवली. न्यायालयापुढील प्रकरणांपैकी एकात वाहनाची किंमत ५० लाखांच्या आत होती, तर भरपाईची मागणी ५० कोटींहून अधिक होती. तरीही आयोग ठरवण्याचा आधार दिलेला मोबदलाच, असे न्यायालयाने मानले.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. घरासाठी ६० लाख रुपये दिलेल्या ग्राहकाने गळतीच्या दुरुस्तीसाठी फक्त तीन लाख मागितले, तरी त्याला राज्य आयोगाकडेच जावे लागते. मागणी कमी केल्याने आयोग बदलत नाही, आणि वाढवल्यानेही नाही.

तिसरा प्रश्न भरपाईचा. मागणी मोठी असली तरी आयोग सिद्ध झालेल्या हानीइतकीच रक्कम देतो. विमा रक्कम, तीवरील व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे चार भाग स्वतंत्रपणे मांडून प्रत्येकाचे कारण व पुरावा द्यावा. फुगवलेल्या आकड्याने आयोग बदलत नसल्याने त्याचा लाभही नाही.

ठिकाणाच्या बाबतीतही नवा कायदा उपकारक आहे. तक्रारदार जेथे राहतो, त्या क्षेत्राच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले म्हणून तेथे जावे लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विलंबाचे समाधानकारक कारण पटल्यासच तो माफ होतो.

विमा कोणता, हेही आधी पाहावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३पासून विम्याऐवजी सानुग्रह अनुदानाची योजना झाली आहे. तिच्यात हप्ता घेणारी विमा कंपनी उरली नसल्याने विमा सेवेतील त्रुटीचा आधार तेथे लागू होत नाही.

तेव्हा तक्रार लिहिण्यापूर्वी हप्त्याच्या सर्व पावत्या आणि नामंजुरीचे पत्र काढून समोर ठेवावे. पावत्यांची बेरीज आयोग ठरवते आणि पत्रावरची तारीख मुदत मोजण्यास उपयोगी पडते.