ड्रम किती किलोचा?
धुलाई यंत्रावरील किलोचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचे कमाल वजन दर्शवितो. कृत्रिम धाग्याच्या कपड्यांसाठी त्याच ड्रमची मर्यादा बहुधा निम्म्यावर येते. माणशी रोज पाऊण किलो कपडे धरल्यास जोडप्याला सहा-साडेसहा किलोचा ड्रम पुरतो. परंतु बुलढाणा जिल्ह्यात जेथे नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे धुणे साचते, आणि पाच जणांचे दोन दिवसांचेच कपडे साडेसात किलो भरत असल्याने अशा कुटुंबाने आठ किलोखाली उतरू नये. शेगावातील वसतिगृहाच्या तिघांच्या खोलीला, जाड जीन्स व चादरी धरूनही, पाळीने धुतल्यास सहा-सात किलो पुरतात. ड्रममध्ये वर वीतभर जागा न उरल्यास कपड्यांत साबण राहतो.