शिळी तिकिटं, ताजा राग

एखादं अॅप नीट चालत नाही म्हणून तुम्ही वेळ काढता. स्क्रीनशॉट जोडता, फोनचं मॉडेल लिहिता, नेमकं काय केलं की काय बिघडतं ते ओळीने मांडता आणि तिकीट टाकता. मग दोन वर्षं शांतता. आणि एका रविवारी सकाळी मेल येतो, ‘हालचाल नसल्यामुळे हे तिकीट बंद करत आहोत.’ हालचाल नव्हती हे खरंच. पण हालचाल कोणी करायची होती?

ओपन सोर्सच्या जगात हे भांडण नवीन नाही. नेटस्केपच्या सुरुवातीच्या प्रोग्रामर्सपैकी एक, जेमी झविन्स्की, यांनी २००३ मध्ये ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पावर याच मुद्द्यावरून तोंडसुख घेतलं होतं. नवी आवृत्ती आली, जुना कोड नव्याने लिहिला, म्हणून जुने बग न तपासताच निकालात काढले जातात, असा त्यांचा आक्षेप होता. तो लेख आजही लोक एकमेकांना पाठवतात, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. प्रकल्प सांभाळणारे बहुतेक वेळा दोन-तीनच जण असतात, तेही नोकरी किंवा कॉलेज सांभाळून. चारशे उघडी तिकिटं दिसली की यादी उघडायचीच भीती वाटते आणि नवं, गंभीर तिकीटसुद्धा त्याच ढिगाऱ्यात गाडलं जातं. तेव्हा साफसफाई हवीच. प्रश्न फक्त झाडू कसा मारायचा हा आहे. आणि नव्याने ओपन सोर्समध्ये शिरणाऱ्या मुलामुलींना बऱ्याचदा पहिलं काम हेच मिळतं, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

सोपा वाटणारा रस्ता म्हणजे बॉट. गिटहबवर त्यासाठी `actions/stale` नावाची तयार सोय आहे. काही बदल केला नाही तर ६० दिवस शांत असलेल्या तिकिटावर ती `Stale` लेबल लावते आणि पुढच्या ७ दिवसांत कोणी काही बोललं नाही तर तिकीट बंद करते. कुबरनेटीससारख्या अवाढव्य प्रकल्पात मुदती मोठ्या आहेत. ९० दिवसांनी ‘शिळं’, आणखी ३० दिवसांनी ‘कुजलं’ (हो, लेबलवर खरंच `rotten` असं लिहिलेलं असतं) आणि त्यानंतर ३० दिवसांनी बंद. तिथे `/lifecycle frozen` लिहिलं की बॉट त्या तिकिटाला हात लावत नाही. रोज ढिगाने तिकिटं येतात तिथे हे समजून घेता येतं. छोट्या प्रकल्पात मात्र त्यातून एक चमत्कारिक खेळ सुरू होतो. तक्रार करणारा दर दोन महिन्यांनी येऊन ‘अजून होतंय’ एवढंच लिहितो, बॉट मागे हटतो, आणि बग आहे तिथेच राहतो.

मुळात वय हा पुरावाच नाही. फायरफॉक्समध्ये दुसऱ्या प्रोग्रामवर गेलं तरी टूलटिप स्क्रीनवर तरंगत राहायची. हा बग २००२ मध्ये नोंदवला गेला आणि दुरुस्त झाला २०२३ मध्ये. तिकीट म्हातारं होतं, पण खरं होतं.

मग करायचं काय? एक उदाहरण घेऊ. समजा, मराठी टायपिंगचं एक ओपन सोर्स कीबोर्ड अॅप आहे, गिटहबवर. उघडी तिकिटं ४००. पहिलं काम म्हणजे एकाही तिकिटाला हात न लावता यादी उतरवून घेणं. शोधाच्या चौकटीत हे टाकायचं:

```
is:issue is:open sort:updated-asc
```

सगळ्यात जास्त काळ शांत असलेली तिकिटं वर येतात. ती शीटमध्ये आधीच घ्यायची, कारण तुम्ही नुसतं लेबल लावलंत तरी तिकिटाची ‘शेवटचा बदल’ ही तारीख बदलते. उत्साहाने दोनशे लेबलं लावली की संध्याकाळी सगळीच तिकिटं आजची दिसतात आणि क्रम कायमचा गेला.

आता प्रत्येक तिकिटासमोर एकच गोष्ट लिहायची. शेवटचा शब्द कोणाचा होता? पूर्ण साफसफाईतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच आहे. समजा ९० तिकिटांत शेवटचा प्रश्न टीमने विचारला होता, ‘अँड्रॉइड कुठलं?’ वगैरे, आणि समोरून उत्तर आलं नाही. ६० तिकिटं एकाच तक्रारीच्या नकला आहेत. ५० मध्ये नवी सोय मागितली आहे. उरलेल्या २०० मध्ये लोकांनी सगळं सांगितलंय आणि गप्प बसली आहे ती टीम.

पहिली ९० बंद करताना कोणी रागावत नाही, फक्त आधी एक आठवण द्यायची. केडीई प्रकल्पात ही पद्धत ठरलेली आहे. माहिती मागितल्यावर १५ दिवस काही आलं नाही तर आठवण, ३० दिवसांनी बंद. चेंडू कोणाच्या कोर्टात आहे हे दोघांनाही माहीत असतं.

नकला शोधताना शब्दांवर जाऊ नका. एकाने लिहिलेलं असतं, ‘दऱ्या लिहिलं की दर्या येतं.’ दुसरी म्हणते, ‘र अर्धा येत नाही.’ तिसऱ्याचं म्हणणं, ‘दुसऱ्या हा शब्द कायम चुकतो.’ तिघांचा आजार एकच. मराठीतल्या त्या आडव्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’साठी नुक्त्याचा ऱ लागतो आणि कीबोर्ड साधा र पाठवतोय. यातलं उघडं ठेवायचं ते सगळ्यात जुनं नव्हे, तर सगळ्यात नीट लिहिलेलं. आणि बाकीची बंद करण्याआधी त्यांतली वेगळी माहिती त्यात नेऊन ठेवायची, उदाहरणार्थ, ‘हे फक्त सूचनेतून शब्द निवडल्यावर होतं.’ अनेकदा बग सापडतो तो याच ओळीमुळे, आणि ती ओळ ज्याने दिली त्याचं तिकीट आपण नक्कल म्हणून बंद करत असतो. त्याचं नाव घेऊन सांगितलं, की ‘तुमचं निरीक्षण तिकडे जोडलं आहे’, तर तो माणूस उलट खूश होतो.

५० मागण्यांचं काय? इथे टीम बहुतेक वेळा भिडेपोटी गप्प बसते आणि काम बॉटवर सोडते. माझ्या मते हे सगळ्यात वाईट. आवाजाने टायपिंगची सोय करायची नाही असं ठरलं असेल, तर तसं स्पष्ट लिहावं: ‘आमच्यापैकी कोणाला यातलं काम येत नाही आणि पुढच्या वर्षभरात ते होणार नाही. म्हणून उघडं ठेवून तुम्हाला आशेवर ठेवत नाही.’ लोक नकार पचवतात, टोलवाटोलवी पचवत नाहीत. बंद करताना गिटहब कारण विचारतं, तिथे `Close as not planned` निवडायचं. नुसतं बंद केलं तर ते ‘काम झालं’ असं दिसतं, आणि न झालेल्या कामावर झाल्याची खूण पाहून कोणाचंही डोकं फिरेल.

राहिली ती २००. इथे शॉर्टकट नाही. नव्या आवृत्तीवर करून बघायचं. एकाला पाच मिनिटं धरली तर १००० मिनिटं, म्हणजे जवळपास सतरा तास. रोज एक तास दिला तर अडीच आठवड्यांचं काम. काही बग आजही दिसतील, ती तिकिटं उघडीच राहणार. जे दिसणार नाहीत, त्यांच्यावरचा संदेश साधारण असा असावा:

‘नमस्कार. तुम्ही हे कळवल्यावर आमच्याकडून उत्तर गेलं नाही, त्याबद्दल माफ करा. आज ३.२ आवृत्तीवर, अँड्रॉइड १४ असलेल्या फोनवर तुम्ही सांगितलेल्या चारही पायऱ्या करून पाहिल्या. शब्द बरोबर उमटला. म्हणून हे बंद करतोय. तुमच्याकडे अजून होत असेल तर इथेच एक ओळ लिहा, आम्ही पुन्हा उघडू.’

यात तीन गोष्टी आहेत. शांतता कोणाची होती याची कबुली, नेमकं काय तपासलं ते, आणि परतीची वाट. त्या शेवटच्या वाक्यात एक गोम आहे. बऱ्याच संदेशांत ‘गरज वाटल्यास पुन्हा उघडा’ असं लिहिलेलं असतं. पण टीममधल्या कोणी बंद केलेलं तिकीट मूळ तक्रारदाराला स्वतःहून उघडता येत नाही. त्याला तसा अधिकारच नसतो. तो बटण शोधत बसतो आणि चिडतो. म्हणून ‘लिहा, आम्ही उघडू’ असंच म्हणायचं, आणि बंद तिकिटांवर येणाऱ्या प्रतिक्रिया बघायची जबाबदारी एकाने नाव देऊन घ्यायची. त्या प्रतिक्रिया उघड्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे हमखास सुटतात. बंद करताच तिकिटाला कुलूप लावायचं हा तर अगदीच आगाऊपणा. मग बिचाऱ्याने लिहायचं कुठे?

आणि वेग. शंभर तिकिटं एका दुपारी बंद केली की शंभर ठिकाणी मेल जातात. ज्या पोरीने तुमचं अॅप मनापासून वापरून अकरा बग शोधले, तिच्याकडे एकदम अकरा मेल जाऊन पडतात. म्हणून यादी एकदा तक्रारदाराच्या नावाने लावून बघा. शोधात `author:` पुढे नाव टाकलं की त्या माणसाची सगळी तिकिटं दिसतात. पाचाहून जास्त असतील त्यांना आधी स्वतंत्रपणे लिहा, शक्य असेल तर कुठलं अजून त्रास देतंय ते त्यांनाच विचारा. बाकीचं काम दिवसाला पंधरा-वीस तिकिटांच्या हिशेबाने चालू द्या.

पहिल्या वीसवर आठवडाभर थांबायचं. एक-दोन लोक ‘अजून होतंय’ म्हणून परत आले, तर ठीक. तिकीट उघडायचं, आभार मानायचे. पण वीसातली सहा-सात परत आली तर आपली तपासणी कच्ची आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं. आपण एकाच फोनवर बघत असतो आणि तक्रार दुसऱ्याच कंपनीच्या फोनची असते. अशा वेळी पुढची वीस थांबवायची, मित्राचा फोन मागून आणायचा आणि ती परत आलेली सहा-सात आधी बघायची.